शेजार नसलेला बिंदू

महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाच्या नकाशात निळ्या-हिरव्या छटा उदगीर, देगलूरपर्यंत येतात आणि राज्याच्या रेषेवर एकदम थांबतात. पुढे कोरा कागद असतो. मी राहतो ते संतपूर त्या कोऱ्या कागदावर आहे. बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्याचे हे गाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात गेले आणि तेच राज्य पुढे कर्नाटक झाले. घरात आम्ही मराठी बोलतो. नकाशाला त्याच्याशी कर्तव्य नाही.

गणित शिकवणाऱ्याला मात्र हा नकाशा फार उपयोगी पडतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जागेला तो पावसाचा एक आकडा देतो, म्हणजे ते एक फंक्शन आहे आणि महाराष्ट्राची भूमी त्याचा डोमेन आहे. आता दोन प्रश्न विचारू. राज्याच्या रेषेवरच्या एखाद्या बिंदूपाशी या फंक्शनचे लिमिट काय? आणि संतपूरपाशी काय? पहिला प्रश्न रास्त आहे. उत्तर कदाचित मिळेल, कदाचित मिळणार नाही, पण उदगीरकडून निघालो तर त्या बिंदूच्या हवे तितके जवळ जाता येते आणि जाताना पायाखाली डोमेनच असतो. दुसऱ्या प्रश्नात विचारायलाच काही नाही. संतपूरभोवती एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्यात महाराष्ट्राचा एकही बिंदू येत नाही. उदगीरच्या आकड्यावरून संतपूरचा पाऊस सांगता येईल, पण तो अंदाज झाला. पाऊस इतक्या अंतरात फारसा बदलत नाही, ही माहिती आपण त्यात बाहेरून घातलेली असते. नकाशा स्वतः तसे काही म्हणत नाही.

पीयूसीची मुले संध्याकाळी माझ्याकडे येतात. त्यांच्यासमोर मी हा प्रश्न नकाशाशिवाय ठेवतो. फळ्यावर लिहितो:

f(x) = √(x³ − x²)

आणि विचारतो, x शून्याकडे जाताना लिमिट किती? बहुतेकांचे उत्तर तत्काळ येते: शून्य. शून्य घातले, शून्य आले. एखादी चुणचुणीत मुलगी मुळातून x बाहेर काढते, x√(x − 1) असे लिहिते आणि तिथे थबकते, कारण x शून्याच्या जवळ असेल तर मुळाखाली ऋण संख्या येते. तिचे ते थबकणे मला फार मोलाचे वाटते. खरा प्रश्न तिला दिसलेला असतो.

x³ − x² म्हणजे x²(x − 1). वास्तव संख्यांत मूळ काढायचे तर हे शून्य किंवा धन हवे. x² कधी ऋण होत नाही, तेव्हा एकतर x − 1 शून्य किंवा धन हवे, नाहीतर x स्वतःच शून्य हवा. म्हणून डोमेनमध्ये १ आणि त्यापुढच्या सगळ्या संख्या आहेत आणि त्यांच्यापासून तुटलेले एकटे ० आहे. शून्याला किंमत आहे, f(0) = 0. पण शून्यापासून अर्ध्या अंतरात डोमेनमधले दुसरे कोणीही नाही.

लिमिटची व्याख्या शब्दांत सांगतो. c पाशी f चे लिमिट L आहे याचा अर्थ असा: तुम्ही कितीही लहान अंतर मागा, त्याला एप्सिलॉन म्हणू; मी c च्या दोन्ही बाजूंना डेल्टाएवढा पट्टा असा दाखवीन, की त्या पट्ट्यात डोमेनमधला जो कोणी x असेल, खुद्द c सोडून, त्याची किंमत L पासून एप्सिलॉनच्या आत पडेल. ‘खुद्द c सोडून’ हे मुद्दाम घातलेले आहे. c ची स्वतःची किंमत काय, हे लिमिट विचारतच नाही. ते फक्त शेजाऱ्यांची साक्ष घेते.

आता c = 0 घ्या आणि डेल्टा अर्धा धरा. पट्ट्यात शून्याखेरीज डोमेनचा एकही x नाही. मग ‘प्रत्येक x ची किंमत L च्या जवळ आहे’ हे विधान खरे की खोटे? तर्कशास्त्राच्या नियमाने खरे. ज्या वर्गात एकही मूल नाही, त्या वर्गातली सगळी मुले पास झाली या विधानाला खोटे पाडायला नापास झालेले एक मूल तरी दाखवावे लागेल, आणि ते दाखवता येत नाही. हाच नियम इथे लावला तर L = 0 चालते. L = 7 चालते. L = 1000 सुद्धा चालते. एप्सिलॉन कितीही लहान मागा, अर्धा डेल्टा सगळ्यांना पुरतो.

इथे मुले हसतात, आणि एखादे विचारते, ‘सर, चालते तर चालू द्या की, काय बिघडते?’ हा प्रश्न टाळू नये. काय बिघडते ते दाखवायला, लिमिट एकच असते हे आपण कशावरून म्हणतो ते पाहावे लागते. समजा कोणी म्हणाले की एका ठिकाणी लिमिट ३ ही आहे आणि ७ ही. दोघांतले अंतर ४, त्याचे अर्धे २. एप्सिलॉन २ धरू. ३ साठी एक डेल्टा मिळेल, ७ साठी दुसरा. त्यांतला लहान घेऊ. आता या पट्ट्यातला डोमेनमधला, खुद्द तो बिंदू सोडून, एक x उचला. ३ च्या बाजूने पाहिले तर f(x) हे ५ पेक्षा लहान, ७ च्या बाजूने पाहिले तर ५ पेक्षा मोठे. हे अशक्य, म्हणून दोन लिमिटे असू शकत नाहीत. सगळा पुरावा ‘एक x उचला’ या तीन शब्दांवर उभा आहे. पट्टा रिकामा असेल तर उचलणार काय? पुरावा तिथेच बसतो, आणि त्याच्याबरोबर ‘लिमिटची किंमत’ हा शब्दप्रयोगही बसतो, कारण किंमत एकच असेल तरच तिला अमुक एक संख्या म्हणून पुढे बेरजेत किंवा गुणाकारात नेता येते.

म्हणून वॉल्टर रुडिनसारखा काटेकोर लेखक व्याख्येच्या आधीच अट घालतो की c हा डोमेनचा लिमिट पॉइंट हवा. c भोवती कितीही लहान पट्टा घ्या, त्यात c सोडून डोमेनमधले कोणीतरी सापडलेच पाहिजे. शालेय पुस्तके बहुधा याहून कडक अट गृहीत धरतात: बिंदूच्या दोन्ही बाजूंना फंक्शन असलेच पाहिजे. तिथून आणखी एक घोळ निघतो. आपल्याच फंक्शनचे १ पाशी लिमिट काय? डावीकडे काही नाही, उजवीकडे सगळे आहे. ‘डावे लिमिट नाही म्हणून लिमिट नाही’ असे काही मुले लिहितात, आणि पुस्तकाची व्याख्या दुबाजूची असेल तर त्यांना चूक म्हणता येत नाही. पण डोमेनच्या आतून पाहणाऱ्या व्याख्येत इथे लिमिट ठणठणीत शून्य आहे. x हा १ आणि २ च्या मध्ये असेल तर x√(x − 1) हे 2√(x − 1) पेक्षा लहान असते. एप्सिलॉन ०.१ मागितला तर डेल्टा ०.००२५ पुरतो: तेवढ्या पट्ट्यात √(x − 1) हे ०.०५ च्या आत राहते, दुप्पट केले तरी ०.१ च्या आत. डावी बाजू रिकामी आहे याने काही अडत नाही. महाराष्ट्राच्या रेषेवरचा बिंदू तो हाच. मला ही दुसरी व्याख्याच पटते. जिथे फंक्शनच नाही तिथल्या गैरहजेरीचा दोष फंक्शनला कशाला लावायचा?

याच्या अगदी उलट प्रकारही असतो: बिंदू डोमेनमध्ये नाही, पण जवळ जाता येते. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत असे एक उदाहरण आहे. एक संख्या शून्याने गुणली, आलेल्यात त्याचेच अर्धे मिळवले, तिनाने गुणले, शून्याने भागले आणि ६३ आले. तर संख्या कोणती? उत्तर १४. त्या काळी लिमिटची कल्पना नव्हती, पण पुढे क्रिया बाकी असेल तर शून्याचा गुणक पुसून न टाकता तसाच राखून ठेवावा, असे भास्कराचार्य सांगतात. आज आपण शून्याच्या जागी k लिहू: (kx + kx/2) · 3/k. k शून्य असेल तर याला अर्थ नाही. पण k = ०.१, ०.०१, ०.००१, उणे ०.००१, सगळीकडे अर्थ आहे आणि दर वेळी उत्तर 9x/2 हेच येते. शेजारी भरपूर आहेत आणि त्यांची साक्ष एकमुखी आहे. 9x/2 = 63, म्हणून x = 14. इथे शून्य डोमेनमध्ये नाही आणि लिमिट आहे. √(x³ − x²) मध्ये शून्य डोमेनमध्ये आहे आणि लिमिटचा प्रश्नच उठत नाही. बिंदू आत आहे की बाहेर, याने काहीच ठरत नाही. आतून त्याच्यापर्यंत वाट आहे का, याने ठरते.

सातत्याच्या बाबतीत मात्र जपावे लागते. लिमिट आणि किंमत सारखी असेल तर फंक्शन तिथे सतत, असे आपण घोकतो. मग आपले फंक्शन शून्यापाशी सतत नाही का? आहे. सातत्याच्या व्याख्येत ‘खुद्द c सोडून’ ही अट नसते, पट्ट्यात c स्वतः असतो. शून्याभोवतीच्या अर्ध्या पट्ट्यात एकटे शून्य सापडते, त्याची किंमत f(0) शी तंतोतंत जुळते, आणि अट पुरी होते. एकट्या बिंदूवर प्रत्येक फंक्शन सततच असते. √(cos x − 1) तर फक्त 2π च्या पटींवर जिवंत आहे: त्याचा प्रत्येक बिंदू एकटा, म्हणून ते सर्वत्र सतत, आणि लिमिट मात्र कुठेच विचारता येत नाही. अशा ठिकाणी शून्य घालून आलेले स्वच्छ उत्तरच मुलांना फसवते. उपाय साधा आहे. लिमिट काढण्याआधी डोमेन लिहून काढायचा, संख्यारेषेवर आखायचा, आणि त्या बिंदूजवळ रेघ येते की नाही ते डोळ्यांनी पाहायचे.

बिंदूच्या या शेजाराला पहिल्यांदा नीट नाव दिले जॉर्ज कँटरने, १८७२ मध्ये. तो त्रिकोणमितीय श्रेणींवर काम करत होता. काही बिंदू वगळले तरी श्रेणी एकच ठरते का, हा त्याचा प्रश्न होता, आणि असे किती व कसे बिंदू वगळता येतात हे मोजताना त्याला कळले की बिंदूंच्या संख्येपेक्षा ते कुठे दाटतात हे महत्त्वाचे आहे. म्हणून त्याने कोणत्याही संचापासून त्याच्या लिमिट पॉइंटांचा नवा संच काढायला सुरुवात केली, मग त्या संचापासून पुढचा.

१, १/२, १/३, १/४ असा न संपणारा संच घ्या. १/३ चा सर्वांत जवळचा शेजारी १/४, अंतर १/१२. त्याहून लहान पट्ट्यात १/३ एकटाच. संचातला प्रत्येक बिंदू असा एकटा आहे. तरी सगळे मिळून शून्याशी दाटतात, आणि शून्य तर संचात नाहीच. म्हणून या संचावर कोणतेही फंक्शन घ्या, लिमिटचा प्रश्न एकाच जागी विचारता येतो, शून्यापाशी. या फंक्शनच्या किमती ओळीने लिहिल्या, पहिली, दुसरी, तिसरी, की आपली नेहमीची क्रमिका तयार होते. मुलांना मी इथे विचारतो की पुस्तकात क्रमिकेखाली नेहमी n → ∞ असेच का छापतात, n → 5 का कधी दिसत नाही. ५ पासून अर्ध्या अंतरात दुसरी नैसर्गिक संख्या कोणती, असे एक जण दुसऱ्याला विचारतो, आणि मग खडू त्यांच्याच हातात जातो.