ग्लेझ का तडकते

भाजलेल्या भांड्यावरचे ग्लेझ म्हणजे मातीला घट्ट चिकटलेला काचेचा पातळ थर होय, आणि भांडे निवताना या थरात जाळीसारखे बारीक तडे पडले की दोष बहुधा भट्टी घाईने उघडण्याला दिला जातो. 1280 अंश सेल्सिअसच्या आसपास स्टोनवेअर, म्हणजे पाणी जवळजवळ न शोषणारी टणक भांडी, भाजणाऱ्या एका कुंभाराचाही हाच समज होता. त्याच्या ग्लेझमध्ये वजनाने 40 भाग फेल्डस्पार, 30 भाग क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीची पूड, 20 भाग चुनखडीची पूड आणि 10 भाग चिनी माती असे. भट्टी उघडताच वाडग्यांतून टिणटिण आवाज येई, आणि शाई चोळून पुसली की तड्यांची जाळी उमटे.

पुढच्या खेपेस त्याने भट्टी पार गार होईपर्यंत उघडली नाही. वाडगे निर्दोष निघाले, पण काही दिवसांनी फडताळात ठेवल्या ठेवल्या ते तडकले. निवण्याच्या वेगावर तडा केव्हा पडणार एवढेच अवलंबून असते, तो पडण्याचे कारण निराळे आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले. ग्लेझ तापलेले असते तोवर मऊ राहून ताण सोसते. ते थिजल्यावर मात्र माती आणि ग्लेझ दोन्ही आपापल्या प्रमाणात आकसतात, आणि ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसू पाहत असेल तर चिकटलेले असल्यामुळे त्याला तसे करता येत नाही व ते ताणले जाते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण फारच थोडा.

फेल्डस्पारमधील सोडा आणि पोटॅश ग्लेझचे आकुंचन वाढवतात, तर वितळून काचेत मिसळलेली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झचेच द्रव्य, ते कमी करते. हीच सिलिका मातीत न वितळता स्फटिकरूपात राहिली तर 573 अंशांच्या सुमारास निवताना एकाएकी आकसते आणि भांड्याचे एकूण आकुंचन वाढवते. म्हणून एकच पदार्थ ग्लेझमध्ये आणि मातीत परस्परविरुद्ध वागतो, तरी उपाय म्हणून दोन्हीकडे उपयोगी पडतो. हा या साऱ्या विषयातला सर्वांत विलक्षण भाग म्हटला पाहिजे.

कुंभाराने माती तीच ठेवून मूळ शंभर भागांत क्वार्ट्झचे 5, 10 आणि 15 भाग वाढवून वेगवेगळे तुकडे भाजले. पहिल्यावर तडे विरळ झाले, दुसऱ्यावर दिसेनासे झाले आणि तिसऱ्यावर ग्लेझ नीट न वितळल्याने पृष्ठभाग धुरकट झाला. दुसरा तुकडा आलटूनपालटून उकळत्या आणि बर्फाच्या पाण्यात बुडवूनही शाईची रेघ उमटली नाही, तेव्हा त्याने ते प्रमाण कायम केले.

क्वार्ट्झ वाढवताना पहिल्या निर्दोष तुकड्यापाशी थांबणेच योग्य, कारण ग्लेझ मातीपेक्षा फारच कमी आकसू लागले तर ते दाबाखाली येऊन काठावरून धारदार कपच्यांनी सुटते, आणि खाण्यापिण्याच्या भांड्यात हा दोष तड्यांपेक्षा अधिक घातक असतो.