एमए साहेबांना पत्र

आर्मी कमांडरला भेटायचं असेल तर पत्र आर्मी कमांडरला लिहू नये, त्याच्या एमएला लिहावं. एमए म्हणजे मिलिटरी असिस्टंट, बहुधा कर्नल किंवा लेफ्टनंट कर्नल. बाहेरच्या जगात याच माणसाला एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणतात. साहेबांसोबत सावलीसारखा दिसतो तो एडीसी, पण साहेबांचा दिवस कसा जाणार हे एमएच्या टेबलावर ठरतं. कॅप्टन असताना मी एका जनरलसाहेबांचा एडीसी होतो, त्यामुळे ते टेबल रोज जवळून पाहिलं आहे.

आमच्या पलटणीचे एक निवृत्त सुभेदारसाहेब मागे मला भेटले. १९७१ च्या लढाईत पडलेल्या त्यांच्या एका साथीदाराचं आडनाव एका छावणीतल्या स्मारकावर चुकीचं कोरलं गेलं होतं. दोन अक्षरांचा फरक, पण आडनावच बदलून गेलेलं. स्मारक सांभाळणारे म्हणत, यादी वरून आली. वरचे म्हणत, दगड आमच्या ताब्यात नाही. "साहेब, वहिनी पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या. दगडावर हात फिरवतात आणि म्हणतात, हे आमचे नव्हेत," सुभेदारसाहेब म्हणाले. त्यांनी आर्मी कमांडरच्या नावे सहा पानी अर्ज लिहून तयार ठेवला होता.

अर्जात लढाई होती, शौर्य होतं, पंधरा वर्षांच्या खेपा होत्या. साहेबांनी नेमकं काय करायचं, ते शेवटच्या पानावर होतं. असं पत्र आलं की एमए ते संबंधित शाखेकडे 'योग्य कार्यवाहीसाठी' पाठवतो, आणि ते पुन्हा त्याच चक्रात फिरतं. यात एमएचा दोष नाही. पत्र हातात घेतल्यावर तो तीनच गोष्टी शोधतो: हे काम साहेबांच्याच पातळीचं आहे का, किती मिनिटं लागतील, आणि भेटीआधी साहेबांना माहिती कोणती शाखा देणार. उत्तरं पहिल्या पानावर सापडली नाहीत, तर त्याला भेट ठरवताच येत नाही.

आम्ही एमएच्या नावे एक पानी पत्र लिहिलं. विषयाच्या ओळीतच मागणी होती: 'स्मारकावरील एका नावाची दुरुस्ती, दहा मिनिटांच्या भेटीची विनंती.' पुढे मजकूर असा:

'स्मारकावर माझ्या साथीदाराचं आडनाव चुकीचं आहे. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आणि पेन्शनच्या पीपीओची प्रत सोबत आहे. दोन्हींत आडनाव बरोबर आहे. दगडाचा फोटोही जोडला आहे. दोन कार्यालयांनी लेखी कळवलं आहे की निर्णय त्यांच्या अधिकारात नाही. दुरुस्तीचा आदेश आर्मी कमांडर देऊ शकतील. त्यांच्या पत्नी आणि मी, असे दोघं येऊ. येत्या सहा आठवड्यांत कोणताही दिवस चालेल. दोन दिवस आधी कळवावं.'

शेवटची तीन वाक्यं फार कामाची. साहेबांचे दौरे आणि कॉन्फरन्स आयत्या वेळी बदलतात आणि मधेच पंधरा मिनिटं मोकळी होतात. ज्याने एकच तारीख मागितली, त्याला ती पंधरा मिनिटं देता येत नाहीत. आणि किती माणसं येणार हे ठाऊक असलं की गेट पासपासून खुर्च्यांपर्यंत सगळं आधी लागतं.

दहा दिवस काही कळलं नाही. सुभेदारसाहेब रोज फोन करायला निघाले होते. मी एकदाच करायला सांगितलं, आणि तोही पत्राची तारीख सांगण्यापुरता. खरं तर शांतता हे चांगलं लक्षण होतं. पत्र सरळ परत आलं नाही, याचा अर्थ एमएने शाखेकडून टिपण मागवलं होतं. पुढच्या आठवड्यात शाखेतूनच फोन आला, रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राची मूळ प्रत घेऊन या म्हणून. तेव्हाच मी ओळखलं की काम सुरू झालं.

भेट सात मिनिटांत आटोपली. साहेबांसमोर फाइल तयार होती, त्यांनी वहिनींना गावाचं नाव विचारलं आणि टिपणावर सही केली. पंधरा वर्षं अडलेला निर्णय भेटीत झाला असं वाटेल. तो झाला होता आदल्या आठवड्यात, शाखेला लेखी उत्तर द्यावं लागलं तेव्हा.

या वाटेला मर्यादाही आहे. नोकरीत असलेल्या जवानाने किंवा अधिकाऱ्याने पोस्टिंग, बढती किंवा शिस्तीच्या बाबतीत एमएला थेट लिहू नये. त्यासाठी सीओमार्फत इंटरव्ह्यू मागायची रीत आहे आणि एमए असं पत्र त्याच वाटेने परत पाठवतो. पेन्शनच्या अपिलालाही स्वतःची ठरलेली पायरी आहे. सगळ्या पायऱ्या चढून झाल्या, कागद हातात आहेत आणि फक्त एक सही उरली आहे, अशा कामासाठी ही वाट.

नवा दगड बसला तेव्हा सुभेदारसाहेबांनी फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'वहिनींनी वाचलं.'