अठ्ठेचाळीस आकडे

हॅकेथॉन सकाळी नऊला होती आणि रात्रीचे अकरा वाजले होते. वडप्यातल्या आमच्या हॉस्टेलच्या खोलीत तीन लॅपटॉप उघडे, बाहेर नाशिक हायवेवरच्या ट्रकांची घरघर. गोदामात माल हलवणारा रोबो हा आमचा विषय. चारी बाजूंनी गोदामंच असल्यावर दुसरं काय सुचणार? रोबोसाठी लागणारं रॉस उबुंटूवर सगळ्यात सरळ चालतं. म्हणून तिघांच्या विंडोजशेजारी उबुंटू बसवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिले दोन लॅपटॉप पटापट झाले. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह ६० जीबीनं लहान केला, पेन ड्राइव्हवरून बूट केलं आणि मोकळ्या जागेत उबुंटू टाकलं.

तिसरा संकेतचा, नवाकोरा. मी जुन्या सवयीनं बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं आणि विंडोज सुरू केलं. समोर निळा स्क्रीन: ४८ आकडी रिकव्हरी की टाका.

"कुठली की?" संकेतनं विचारलं. "भावा, पप्पांच्या टेम्पोचा सगळा हिशेब यात आहे."

माझे हात गार पडले. नव्या विंडोजवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. तिची चावी मदरबोर्डवरच्या टीपीएमकडे असते. बूटची पद्धत बदललेली दिसली की टीपीएम चावी देत नाही. मग रिकव्हरी की लागते, आणि ती त्या अकाउंटमध्ये जमा असते. संकेतचं अकाउंट त्याच्या मामेभावानं काढलेलं. त्याला फोन लावला, तो बंद.

डोकं शांत झाल्यावर सुचलं, की बदल मीच केलाय, तर मागेही घेता येईल. सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं. विंडोज मुकाट्यानं उघडलं. संकेतनं श्वास सोडला, मीही.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून की पाहिली:

```
manage-bde -protectors -get C:
```

ते ४८ आकडे संकेतनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, मी एकेक मोठ्यानं वाचून तपासले. हिशेबाच्या फायली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढल्या. मग सेटिंग्जमधून डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं. त्यानंतर डिस्क पूर्ण मोकळी व्हायला वेळ लागतो. घाई न करता तेवढ्यात आम्ही हायवेवर चहा पिऊन आलो.

गंमत म्हणजे सिक्युअर बूट बंद करायची गरजच नव्हती. उबुंटूचा बूटलोडर सही केलेला असतो, तो ते चालू असतानाही उघडतो. पहाटे चारला तसाच बसवला.

हॅकेथॉनमध्ये आमचा रोबो दुसऱ्याच वळणावर भिंतीला धडकला. पण टेम्पोचा हिशेब शाबूत होता. आता कुणी लॅपटॉप घेऊन आलं, की पेन ड्राइव्ह शोधण्याआधी मी विचारतो, "अकाउंट कुणाच्या नावावर आहे?"