लिहिता हात मोडला तर

परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात परीक्षा विभागाच्या खिडकीवर प्लास्टरमधला एक तरी हात येतोच. कोणी स्कूटरवरून घसरलेला असतो, कोणी ओल्या जिन्यावरून. दुसऱ्या हातात अर्ज असतो, बहुधा वडिलांच्या नाहीतर बहिणीच्या अक्षरातला. अर्जात दुःख भरपूर असतं : वर्ष वाया जाईल, घरची परिस्थिती बेताची आहे, आजवर सगळ्या परीक्षांत पहिला वर्ग आहे. हे सगळं खरंही असतं. पण मला त्यावरून टिपणी लिहायची असते आणि तिच्यासाठी लागणारी एकही ओळ त्या कागदात सापडत नाही.

अर्ज प्राचार्यांच्या नावाने असला, तरी तो आधी वाचतो तो टिपणी लिहिणारा कारकून. प्राचार्य टिपणी वाचतात आणि सही करतात. विद्यापीठाची परीक्षा असेल तर तोच कागद प्राचार्यांमार्फत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे जातो आणि तिथेही आधी एक कारकूनच तो उघडतो. म्हणून माझं मत असं की, अर्जातलं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उचलून टिपणीत टाकता आलं पाहिजे. जे उचलता येत नाही ते सरळ काढून टाकावं.

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचं उदाहरण सांगतो. मनगटाजवळचं हाड मोडलेलं, कोपराच्या खाली प्लास्टर, परीक्षा दहा-बारा दिवसांवर. सोबत दवाखान्याचा कागद होता. त्यावर डाव्या मनगटाचं फ्रॅक्चर, प्लास्टर घातलं, सहा आठवडे विश्रांती, एवढंच लिहिलेलं. आमच्या टेबलावरच्या एकाने वाचलं आणि सहज विचारलं, ‘‘डावाच ना गं? मग लिही की उजव्यानं.’’ मुलगी डावखुरी होती. डॉक्टरांना ते माहीत होतं, घरच्यांना माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं.

दुसरी अडचण त्याहून फसवी. अशा प्लास्टरमधून बोटं मोकळी दिसतात. पर्यवेक्षक बघतो, बोटं हलताहेत, मग पेन का धरता येऊ नये? पेन धरताही येतं, पण लिहिताना मनगट स्थिर ठेवणारे स्नायू त्या मोडलेल्या हाडावरूनच जातात. चार ओळींनंतर कळ येते. ‘विश्रांती’ या सल्ल्यातून हे कळत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट लिहायला हवं की, लिहिण्याचा हात हाच आहे आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या हाताने सलग लेखन करता येणार नाही. शेवटची तारीख प्लास्टर निघण्याचीच असावी असं नाही. प्लास्टर निघाल्यावर मनगट आखडलेलं असतं, पकड कमजोर असते. शेवटचे पेपर त्या दिवसांत येत असतील, तर तेही डॉक्टरांनी विचारात घ्यावेत. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवेतच. काही ठिकाणी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्रच मागतात, म्हणून ते आधी विभागात विचारून घ्यावं; त्या रांगेत दिवस जातात.

तिच्या वडिलांनी आणलेल्या मसुद्यात दिव्यांगांच्या कायद्याचा हवाला होता. तो मी काढायला लावला. 2016 च्या त्या कायद्यात दिव्यांगत्व म्हणजे दीर्घकालीन व्यंग. सहा आठवड्यांत जुळणारं हाड त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली विकास कुमार यांच्या प्रकरणात लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या अटीतून सोडवली आणि पुढच्या वर्षी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वंही आली. पण तो प्रश्न टिकून राहणाऱ्या त्रासाचा होता. अपघातग्रस्ताला मिळतं ते विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमाने किंवा अधिकाराने. चुकीचा कायदा पुढे केला की कारकुनाला ‘बसत नाही’ असा शेरा मारायला आयती जागा मिळते.

आता वेळेची गोष्ट. लेखनिक आणि जादा वेळ या दोन मागण्या बहुतेक जण एकाच वाक्यात बांधतात. तसं करू नये. अपघाताच्या प्रकरणात लेखनिक मिळणं तुलनेने सोपं, वेळेवर मात्र घासाघीस होते. दोन्ही एकत्र असली की मंजुरीच्या पत्रात ‘लेखनिकास परवानगी’ एवढंच येतं आणि वेळेबद्दल कुणीच काही म्हटलेलं नसतं. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर तेच गाणं सुरू होतं. मागण्या वेगळ्या ओळींत असल्या की प्रत्येकीपुढे हो किंवा नाही लिहावंच लागतं.

जादा वेळ का, हेही सांगावं लागतं, कारण ‘सांगायचं तोंडाने, लिहायचं दुसऱ्याने, मग उशीर कसला?’ असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. त्या मुलीचा हिशेबाचा पेपर घ्या. तीन भागीदारांची भांडवल खाती ती स्वतः आखून भराभर आकडे टाकत गेली असती. आता तिला म्हणावं लागणार : ‘डावी बाजू, तिसरा रकाना, बेचाळीस हजार पाचशे’, मग ते बरोबर जागी पडलं का ते बघायचं, मग पुढचा आकडा. लेखनिक खालच्या वर्गातला आणि तो विषय न शिकलेला असावा, अशी अट सहसा असते. म्हणजे लिहिणारी कला शाखेची पहिल्या वर्षाची मुलगी, जिने ताळेबंद कधी आखलेला नाही. अर्जात आम्ही हेच लिहिलं. किती वेळ मागायचा, याला दिव्यांग परीक्षार्थींसाठीचं तासाला वीस मिनिटांचं माप हाताशी होतं. हक्क म्हणून नव्हे, पण प्रमाण म्हणून ते चालतं. अडीच तासांच्या पेपरला पन्नास मिनिटं.

शेवटी अर्जाचा गाभा एवढा उरला :

‘‘मी डावखुरी असून माझ्या डाव्या मनगटाचे हाड मोडले आहे. सोबतच्या प्रमाणपत्रानुसार परीक्षेच्या संपूर्ण काळात मला लिहिता येणार नाही. तरी विनंती की, (1) सोबत जोडलेल्या वेळापत्रकातील सर्व पेपरांसाठी मला लेखनिक घेण्याची परवानगी मिळावी. लेखनिकाचे ओळखपत्र व संमतिपत्र जोडले आहे. (2) उत्तरे तोंडी सांगून लिहून घ्यायची असल्याने, विशेषतः हिशेबाच्या पेपरात रकाने व आकडे तपासावे लागत असल्याने, दर तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळावा. (3) बोलण्याचा इतरांना त्रास होऊ नये म्हणून स्वतंत्र खोली मिळावी.’’

एक बारीक गोष्ट वडिलांना सुचली नव्हती, ती खाली वाढवली : ‘‘सध्या मी उजव्या हाताने सही करत असल्याने ती ओळखपत्रावरील सहीशी जुळणार नाही.’’ ही ओळ नसली की हजेरीपत्रकापाशी पेपरची पहिली दहा मिनिटं जातात.

त्या मुलीला लेखनिक आणि खोली लगेच मिळाली. वेळेचा निर्णय पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी आला, आणि तो आला कारण ती मागणी वेगळ्या क्रमांकावर अनुत्तरित दिसत होती.

तेव्हा घरात असा प्रसंग आलाच, तर प्लास्टर वाळेपर्यंत डॉक्टरांसमोरच बसा आणि कोणता हात, कधीपासून कधीपर्यंत, हे लिहूनच घेऊन निघा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांकाची पोच मागायला लाजू नका. आणि मंजुरीचं पत्र आलं की त्याची एक प्रत लेखनिकाकडेही द्या. केंद्राच्या फाटकावर आधी अडवतात ते त्याला.