बाबूजी गेल्यावर काय लिहावं

आमच्या गोरेगाव तालुक्यातल्या शाळेत कुणाच्या घरचं माणूस वारलं, की शिक्षकांच्या वतीने शोकसंदेश लिहायचं काम माझ्याकडे येतं. दोन वाक्यं तर हात आपोआप लिहितो. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. ती खोटी नाहीत, पण त्यातून कोण गेलं ते कळत नाही. शिवाय ती सगळ्या घरांत चालतही नाहीत. आमच्या स्टाफमध्ये बौद्ध सहकारी आहेत. त्यांच्याकडे दिवंगताच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात आणि आत्म्याच्या शांतीची प्रार्थना त्यांच्या धम्मात बसत नाही. म्हणून आधी घरची रीत जाणणाऱ्याला एक फोन करायचा.

यंदा रोवणीच्या दिवसांत एका मॅडमचे वडील गेले. अंत्यविधीची वेळ आणि ठिकाण मी वेगळ्या, दोन ओळींच्या निरोपात कळवलं. ही माहिती सांत्वनाच्या मजकुरात घातली, की लोक तेवढीच वाचून निघून जातात.

मग संदेश लिहायला घेतला. एका सरांनी सुचवलं, ‘कष्टाळू, मायाळू शेतकरी’ असं लिहा. पण धान पिकवणारे कष्टाळू बाप आमच्याकडे घरोघरी आहेत, आणि हे वडील आमच्यापैकी कुणी पाहिलेले नव्हते. ज्यांना पाहिलं नाही, त्यांचा स्वभाव मी लिहीत नाही. त्यांच्याबद्दल लेकीच्या तोंडून जे ऐकलं, ते मात्र लिहिता येतं. डबा खाताना मॅडम एकदा सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, ते आठवलं. त्यांनी मला एकटीला विश्वासाने सांगितलेलं असतं, तर मी ते वापरलं नसतं. आजारपणाबद्दल तर एक अक्षरही नाही. ‘वय झालं होतं’, ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हणावं, आपण नाही.

शेवटी असं लिहिलं : ‘मॅडम, बाबूजी गेल्याचं सकाळी कळलं. तुम्ही डी.एड.ला असताना संध्याकाळची बस कितीही उशिरा आली तरी ते सायकल घेऊन स्टँडवर उभे असायचे, हे तुम्ही सांगितलेलं आम्हाला आठवतंय. तेरवीपर्यंत तुमचे तास आम्ही वाटून घेतले आहेत. सातवीचं गणित माझ्याकडे आहे. या निरोपाला उत्तर द्यायची गरज नाही.’

‘बाबूजी’ हा शब्द त्यांचाच, म्हणून तोच ठेवला. तास आधी खरोखर वाटून घेतले, वेळापत्रक हेडमास्तरांना दाखवलं, मगच ते वाक्य लिहिलं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं, की मागायचं ओझं पुन्हा त्यांच्यावरच पडतं. पाठवण्यापूर्वी मजकुरातलं नातं आणि संबोधन झाकून पाहिलं. तो दुसऱ्या कुणाच्या वडिलांना लागू पडला असता, तर पुन्हा लिहिला असता.

कधी अशी एकही आठवण हाताशी नसते. तेव्हा बातमी कळली आणि कोणतं काम आम्ही उचललं, एवढी दोनच वाक्यं मी पाठवते.