मधला भाव

सरकारी नोकरीतली बहुतेक वर्षे माझी हिशेब तपासण्यात गेली. बेरीज जुळली की पान बरोबर, ही त्या काळची शिकवण. ती शिकवण अपुरी आहे हे मला निवृत्तीनंतर कळले, आणि तेही माझ्याच वहीवरून.

शेअर बाजारात ‘शॉर्ट स्ट्रँगल’ नावाचा एक व्यवहार आहे. समजा, एका कंपनीचा शेअर 1000 रुपयांना आहे. महिनाभरात तो फार वर जाणार नाही आणि फार खालीही येणार नाही, असा आपला अंदाज आहे. मग 1080 चा कॉल आणि 920 चा पुट, असे दोन करार आपण विकायचे. त्यांचे मोल, म्हणजे प्रीमियम, आपल्याला आधी मिळते. शेअर दोन मर्यादांच्या आत राहिला तर ते आपले. मिळालेल्या प्रीमियमहून अधिक बाहेर गेला तर तोटा, आणि त्याला नेमकी सीमा नाही. विम्याचा हप्ता गोळा करण्यासारखाच हा प्रकार. दर महिन्याला हप्ता मिळतो आणि एखाद्या महिन्यात दावा भरावा लागतो.

ग्रॅच्युइटीच्या पैशांतला काही भाग यात गुंतवावा, असे माझ्या मनाने घेतले होते. परंतु तपासल्याशिवाय सही करायची नाही, ही जुनी सवय. राष्ट्रीय शेअर बाजार रोजच्या भावांची ‘भावकॉपी’ प्रसिद्ध करतो. ती उतरवून घेऊन मी मागील काही वर्षांचा महिनावार हिशेब मांडला. यालाच ‘बॅकटेस्ट’ म्हणतात. नियम साधे होते. मिळालेले प्रीमियम निम्म्यावर आले की नफा घेऊन मोकळे व्हायचे, दुप्पट झाले की तोटा सोसून बाहेर पडायचे. हिशेब सुरेख जुळला. वर्षअखेरीस भरघोस शिल्लक दिसू लागली.

पुण्याहून भाचा आला होता. वही चाळून त्याने एकच प्रश्न विचारला, “मामा, हा भाव तुम्हाला दिला कोणी?”

मी म्हटले, “बाजाराने. हा काय, छापलेला आहे.”

“छापलेला आहे, पण तो शेवटच्या सौद्याचा. तुम्ही विकायला गेला असता, तर समोर कोण उभा होता आणि काय देत होता, हे यात कुठे आहे?”

ते नव्हतेच. भावकॉपीत दिवसाचा उघडता, उच्च, नीच आणि बंद भाव असतो. पण त्या क्षणी घेणारा किती द्यायला तयार होता आणि विकणारा किती मागत होता, हे त्यात नसते. आमच्या इंदूरच्या सराफ्याचा अनुभव असणाऱ्याला हे सांगायला नको. पाटीवर भाव एकच असतो. पण बांगड्या घ्यायला गेलो की एक हिशेब आणि मोडायला गेलो की दुसरा.

पुढचे तीन महिने मी वेगळी वही घातली. ठरावीक वेळी पडद्यावर दिसणारे दोन्ही भाव, घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा, लिहून ठेवू लागलो. त्यावरून काढलेले उदाहरण देतो. आकडे समजण्यासाठी गोल केले आहेत.

कॉलला घेणारा 6.40 देतो, विकणारा 7.00 मागतो. पुटला 6.00 आणि 6.60. मधला भाव धरला तर दोन्ही मिळून 13 रुपये. पण मला विकायचे आहे, म्हणून हातात येतात 12.40. आता मोल निम्म्यावर आले, मधला भाव 6.50 झाला. सोडवून घ्यायचे तर मला विकणाऱ्याचा भाव द्यावा लागतो, तो 7.10. कागदावरचा नफा 6.50, हातातला 5.30. येताना साठ पैसे, जाताना साठ पैसे.

मी म्हटले, चला, थोडा नफा कमी धरू. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. वाईट महिना पाहा. शेअर कोसळून 915 वर आला. कॉलचे मोल पन्नास पैसे उरले, पुटचे साडेपंचवीस झाले. एकूण 26, म्हणजे दुप्पट. कागदावर तोटा 13. परंतु घबराटीच्या दिवशी दोन भावांतली फट रुंदावते, कारण समोरच्यालाही भीती वाटते. पुट 26.50 ला आणि जवळजवळ निरुपयोगी झालेला कॉल 80 पैशांना घ्यावा लागतो. तोटा 14.90 होतो.

वर्षात नऊ महिने चांगले आणि तीन वाईट गेले असे धरू. मधल्या भावाने शिल्लक 19.50 रुपये. खऱ्या भावाने 47.70 वजा 44.70, म्हणजे फक्त 3 रुपये. आणि यातून दलाली व व्यवहार कर अजून जायचेच आहेत. तीन वाईट महिन्यांपैकी एकात जरी शेअर रात्रीतून खाली उघडला आणि पुट 26.50 ऐवजी 35 ला घ्यावा लागला, तरी वर्ष साडेपाच रुपये तोट्यात जाते. माझ्या वहीत मात्र ती जोडी ‘ठरल्याप्रमाणे’ 26 लाच सुटली होती.

मुदत संपेपर्यंत थांबून जातानाचे पैसे वाचवावेत, असेही सुचले. पण 2019 च्या ऑक्टोबरपासून शेअरवरच्या सर्व करारांत मुदतीअखेर प्रत्यक्ष शेअरची देवघेव करावी लागते. मर्यादेपलीकडे गेलेला करार हाती ठेवला, तर शेअर घेण्याइतके पैसे उभे करावे लागतात. म्हणजे नेमक्या वाईट महिन्यात बाहेर पडणे भागच.

याहून लबाड चूक दुसरी होती. मी वेगवेगळ्या मर्यादा लावून पाहिल्या होत्या आणि जितकी लांबची मर्यादा, तितका निकाल सुबक येत होता. कारण उघड आहे. लांबच्या कराराचे मोल एक रुपया आणि फट चाळीस पैसे असली, तर न मोजलेला खर्च तिथेच सर्वांत मोठा असतो. मी उत्तम मर्यादा शोधत नव्हतो, सर्वांत मोठी चूक शोधत होतो. काही ओळींत सौद्यांची संख्या शून्य असूनही भाव छापलेला होता. त्या भावाने मी बिनदिक्कत विकून मोकळा झालो होतो. कुठे कॉलचा शेवटचा सौदा सकाळचा, तर पुटचा दुपारचा. ती जोडी प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हती.

मधल्या भावाला मागणी लावून थांबले तर? भाचा म्हणाला, “कधी मिळतो. पण बहुधा तेव्हाच, जेव्हा बाजार तुमच्या विरुद्ध निघालेला असतो. न मिळालेले सौदे तुमच्या वहीत कुठे आहेत?”

आता माझ्या वहीत तीन रकाने आहेत. पहिला मधल्या भावाचा, दुसरा अर्धी फट सोसलेला, तिसरा पूर्ण फट सोसलेला. शून्य सौद्यांच्या ओळी खोडलेल्या आहेत, आणि घबराटीच्या दिवसांना रुंद फट लावली आहे. जी पद्धत पहिल्याच रकान्यात तरते आणि तिसऱ्यात बुडते, तिच्यावर मी सही करत नाही. माझी पद्धत दुसऱ्यात कशीबशी तरली, तिसऱ्यात बुडाली.

ग्रॅच्युइटी बँकेतच आहे. सौभाग्यवतींनी परवा विचारले, “एवढे महिने लिहून शेवटी मिळाले काय?” मी पहिला रकाना दाखवला आणि म्हटले, “हे गेले नाहीत.”