अठरा पट नव्हे, साडेपाच पट

मलकापुरातल्या त्या व्याख्यानाला दोन वर्षं झाली, तरी राग गेलेला नाही. वक्ते म्हणाले, विमान रेल्वेच्या अठरा पट ऊर्जा खातं. टाळ्या पडल्या. मी हात वर केला, तर "काका, प्रश्न शेवटी" म्हणाले, आणि शेवट आलाच नाही. माझी नोकरी विजेच्या इंजिनांवर गेली. त्यांनी आकडे नीट घेतले होते, पण चुकीच्या जागी मोजून.

त्यांचंच गणित घेऊ. मुंबई ते लंडन सुमारे ७२०० किलोमीटर. ड्रीमलायनर एका खेपेला सुमारे ५० टन इंधन जाळतं. २५० प्रवासी धरले तर माणशी २०० किलो. विमानाच्या एका किलो रॉकेलात जवळपास १२ किलोवॅट-तास उष्णता असते, म्हणजे माणशी २४००, किलोमीटरला ०.३३.

आता आमची गाडी. बावीस डब्यांची एक्सप्रेस इंजिनासकट सुमारे १२०० टन. हजार टन एक किलोमीटर ओढायला साधारण १८ युनिट लागतात, म्हणजे गाडीला किलोमीटरमागे २२ युनिटांच्या आसपास. बाराशे प्रवासी असतील तर मलकापूर ते मुंबईच्या ५०० किलोमीटरला माणशी ९ युनिट, किलोमीटरला ०.०१८. भागाकार केला की अठरा पट येतं.

पण रॉकेलाची ऊर्जा टाकीत मोजली आणि विजेची तारेवर! तारेवरची वीज कुठून येते? शेगावच्या पुढे पारसचं औष्णिक केंद्र गाडीतून दिसतं. तिथे कोळशातल्या तीन भाग उष्णतेतून जेमतेम एक भाग वीज निघते, दोन भाग हवेत आणि पाण्यात जातात. वाहिनीतली गळती धरली तर आपले ९ युनिट म्हणजे कोळशातले सुमारे ३०. किलोमीटरला ०.०६. आता विमान साडेपाच पट. ही तुलना कोळशाच्या विजेपुरती खरी. सौर वीज वाढेल तसा फरक पुन्हा रुंदावेल. गाडी निम्मी रिकामी असेल तर उलट घटेल, आणि विमानाच्या पोटातला माल वेगळा काढला तर माणशी इंधनही थोडं कमी भरेल. म्हणून असा आकडा ऐकला की आधी विचारावं, मोजला कुठे, आणि आसनं किती भरली होती?

हे सगळं मी वहीत मांडलं, तेव्हा वक्त्यांवर चिडलो होतो. मग लेकीकडे लंडनला जाऊन यायचे ४८०० किलोवॅट-तास त्याच पानावर लिहिले आणि त्याला ३० ने भागलं. मलकापूर-मुंबईच्या १६० खेपा. एवढ्या खेपा मी नोकरी सोडून आयुष्यात केल्या नसतील. विमानाचा दोष किलोमीटरमागच्या ऊर्जेत जेवढा आहे, त्याहून जास्त त्याने गाठलेल्या अंतरात आहे, आणि तिथे त्या वक्त्यांची काळजी माझ्या दुरुस्तीपेक्षा खरी ठरते. पुढच्या उन्हाळ्यात नातवाला बघायला मी तरीही जाणार आहे.